दुरुस्त केलेला फोन नंबर रात्रीत जुना होतो: दुतर्फी सिंकमध्ये प्रत्येक फील्डचा मालक ठरवणं

लक्षण असं असतं. विक्रीतला माणूस सीआरएममध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर दुरुस्त करतो. दिवसभर तो नीट दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना नंबर परत हजर. पुन्हा दुरुस्त केला की कधी टिकतो, कधी नाही, आणि हे 'कधी कधी'च सगळ्यात जास्त डोकं खातं. अकाउंट्सला विचारावं तर उत्तर येतं, "आम्ही त्या नंबरला हातही लावलेला नाही." ते बहुतेक वेळा खरंही असतं.

ज्या उदाहरणावरून हे लिहितोय तो भोसरी एमआयडीसीतला बेअरिंग, बेल्ट आणि सील विकणारा वितरक आहे. विक्रीची मुलं चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत फिरतात आणि मोबाइलवर सीआरएम वापरतात. हिशेबाचं ऑफिस टिळक रोडला, तिथे टॅली. दोन्हींच्या मध्ये एक स्क्रिप्ट रात्री दोन वाजता चालते आणि ग्राहकांची माहिती इकडून तिकडे, तिकडून इकडे करते. नंबर जुना झाला की टेम्पोवाला गेटवर उभा राहून नोकरी सोडून गेलेल्या माणसाला फोन लावत बसतो. तक्रार तिथून सुरू झाली होती.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पकडा

पहिली गोष्ट, सीआरएमच्या बदलांच्या नोंदीत जुना नंबर 'कोणी' लिहिला ते बघायचं. इथे नाव कंपनीच्या मालकांचं दिसत होतं, कारण स्क्रिप्ट त्यांच्याच लॉगिनने चालत होती. त्यामुळे 'साहेबांनीच बदलला असेल' अशी कुजबुज बरेच दिवस चालली. सिंकला दोन्हीकडे स्वतःचा वेगळा युझर द्या. हे नसेल तर पुढचा तपास अंधारात होतो. टॅलीत एडिट लॉग चालू असेल तर तिथेही हाच फायदा. कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, तेव्हा ती बहुतेक ठिकाणी सापडतेच.

दुसरं, दोन्हीकडच्या बदलांच्या नोंदी एकत्र केल्या की अशी उलटापालट किती ठिकाणी झाली ते एका क्वेरीत कळतं. फील्डची किंमत, म्हणजे त्यात लिहिलेली माहिती, 'अ'ची 'ब' झाली आणि लगेचच्या बदलात परत 'अ' झाली, अशा ओळी शोधायच्या:

```sql
SELECT customer_id, field, changed_at, changed_by,
       old_value, new_value
FROM (
  SELECT c.*,
         LAG(old_value) OVER (
           PARTITION BY customer_id, field
           ORDER BY changed_at) AS prev_old
  FROM change_log c
) t
WHERE new_value = prev_old;
```

इथे जे निघालं त्यात जवळजवळ सगळ्या ओळी सिंकने रात्री लिहिलेल्या होत्या. म्हणजे माणसं एकमेकांचं काम पुसत नव्हती, स्क्रिप्ट पुसत होती. मग एक चाचणी-ग्राहक दोन्हीकडे तयार करून तीन प्रयोग केले. फक्त सीआरएममध्ये नंबर बदलला: सकाळी जागेवर. त्याच दिवशी सीआरएममध्ये नंबर आणि टॅलीत उधारीची मर्यादा बदलली: मर्यादा टिकली, नंबर गेला. तिसऱ्यात टॅलीला हात न लावता सीआरएममध्ये लागोपाठ दोन दिवस दोन बदल केले: पहिला टिकला, दुसरा गेला. अकाउंट्सच्या ताई जे शपथेवर सांगत होत्या ते तिसऱ्या प्रयोगात सिद्ध झालं.

का होतं

स्क्रिप्टचा नियम होता: ज्या बाजूचं रेकॉर्ड नंतर बदललं ती बाजू खरी, आणि तिचं पूर्ण रेकॉर्ड दुसरीकडे उतरवायचं. हा नियम वाचायला शहाणा वाटतो. त्यात तीन वेगवेगळ्या चुका आहेत.

एक मंगळवार घेऊ. सकाळी ११:१० ला सीआरएममध्ये नंबर दुरुस्त झाला. संध्याकाळी ५:४० ला टॅलीत त्याच ग्राहकाची मर्यादा २ लाखांवरून ३ लाख झाली. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी बदलल्या, त्यांच्यात भांडण काहीच नाही. पण स्क्रिप्टला फील्ड दिसतच नाहीत, तिला दिसतं ते एक आख्खं रेकॉर्ड. टॅलीचं रेकॉर्ड 'नंतरचं', म्हणून ते पूर्ण सीआरएमवर उतरलं आणि सोबत जुना नंबरही घेऊन आलं.

दुसरी चूक वेळेची. टॅलीतल्या प्रत्येक लेजरला `ALTERID` असतो. लेजर बदललं की हा आकडा पुढे जातो. बदल झाला आहे की नाही हे ओळखायला तो उत्तम आहे, पण तो क्रमांक आहे, घड्याळ नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ही अडचण अशी सोडवली होती की `ALTERID` वाढलेला दिसला की बदलाची वेळ म्हणून स्क्रिप्ट चालण्याचीच वेळ धरायची. म्हणजे रात्रीचे दोन. सीआरएममधला बदल दिवसाच्या खऱ्या वेळेचा, टॅलीतला बदल नेहमी रात्री दोनचा. दोन्हीकडे बदल झाला की टॅली जिंकणारच, मग तिथला बदल सकाळी दहाचा का असेना.

तिसरी चूक प्रतिध्वनीची, आणि 'कधी टिकतो, कधी नाही' याचं उत्तर तिच्यात आहे. स्क्रिप्टने सीआरएमचा बदल टॅलीत लिहिला की टॅलीच्या दृष्टीने लेजर बदललंच. `ALTERID` वाढला. पुढच्या रात्री स्क्रिप्टला ते लेजर 'टॅलीत बदललेलं' दिसतं, आणि ते आपणच बदललं होतं हे तिला आठवत नाही. त्या दिवशी सीआरएममध्ये आणखी काही दुरुस्ती झाली असेल तर ती पुसली जाते. लागोपाठ दोन दिवस ज्या ग्राहकावर काम झालं त्याचाच बळी. नवे ग्राहक, तक्रार असलेले ग्राहक, म्हणजे नेमके ज्यांची माहिती ताजी हवी ते.

'एका सिस्टीमला जिंकू द्या' हा उपाय का चालत नाही

आधीच्या कंत्राटदाराने एकदा नियम उलटा करून पाहिला होता: वाद झाला तर सीआरएम खरं. नंबर टिकायला लागले. मग महिन्याच्या सुरुवातीला ताईंनी वाढवलेल्या उधारीच्या मर्यादा सकाळी परत २ लाखांवर दिसू लागल्या, आणि चाकणच्या ऑर्डरी मर्यादा ओलांडल्या म्हणून अडकल्या. तेव्हा नियम पुन्हा पूर्ववत झाला. आजार बाजू बदलून आला होता इतकंच.

'आमचं सोर्स ऑफ ट्रुथ टॅली आहे' असं वाक्य बैठकीत ऐकलं की मी विचारतो, कशाचं? उधारीच्या मर्यादेचं, की गेटवरच्या माणसाच्या नंबरचं? आख्ख्या ग्राहकाला एक मालक देता येत नाही. मालक फील्डला द्यायचा असतो.

तो ठरवताना दोन प्रश्न पुरतात. ही माहिती बदलली हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? आणि ती चुकली तर कोणाचं काम अडतं? दोन्हींचं उत्तर एकच निघालं तर प्रश्न संपला. कोणती सिस्टीम महाग आहे, कोणती आधी आली, कोणत्या विभागाचा आवाज मोठा आहे, याचा संबंध नाही. यासाठी अकाउंट्स आणि विक्री, दोघांनाही एका टेबलावर बसवा. हे काम प्रोग्रामरने एकट्याने केलं तर तो फील्डची नावं बघून अंदाज करतो आणि तो अंदाज चुकतो.

भोसरीच्या केसमध्ये शेवटी असं ठरलं:

| फील्ड | मालक | दुसरीकडे कोणी बदललं तर |
|---|---|---|
| लेजरचं नाव | टॅली | प्रस्ताव |
| जीएसटीआयएन + राज्य + बिलाचा पत्ता (एक गट) | टॅली | प्रस्ताव |
| उधारीची मर्यादा, उधारीचे दिवस | टॅली | बदलताच येत नाही |
| येणे बाकी | टॅली | बदलताच येत नाही |
| डिलिव्हरीचा पत्ता | सीआरएम | मालकाची किंमत परत |
| खरेदी विभागाचा संपर्क | सीआरएम | मालकाची किंमत परत |
| वसुलीचा संपर्क | टॅली | प्रस्ताव |
| विक्रेता, फेरीचा वार | सीआरएम | टॅलीत जातच नाही |

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. आधीच्या स्क्रिप्टमध्ये फेरीचा वारसुद्धा टॅलीच्या एका रिकाम्या रकान्यात जात होता, कोणीही न वाचणारा. दुतर्फी सिंक मागणाऱ्यांची यादी मोठी असते, पण खरं विचारलं तर बहुतेक फील्डना एकाच दिशेने जायचं असतं आणि काहींना कुठेच नाही. यादी छाटणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

तिसरा रकाना विसरू नका

मालक ठरला म्हणजे दुसऱ्या बाजूने कोणी ते फील्ड बदलणारच नाही असं नाही. स्क्रीनवर रकाना उघडा दिसतोय, माहिती चुकीची दिसतेय, तर माणूस दुरुस्त करणारच. तेव्हा काय करायचं हे फील्डगणिक ठरवावं लागतं.

सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे रकानाच बंद ठेवणं. सीआरएममध्ये उधारीची मर्यादा फक्त वाचता येते, तिच्या शेजारी 'अकाउंट्सकडून' असं लिहिलेलं आहे. दुसरा मार्ग, बदल होऊ द्यायचा पण रात्री मालकाची किंमत परत लिहायची. हा फक्त तिथेच चालतो जिथे बदलणाऱ्याला ते निरोपाने कळतं. निरोप नसेल तर ही मूळ तक्रारच आहे, फक्त आता नियमाने होणारी. इथे डिलिव्हरीच्या पत्त्यासाठी तो ठेवला, कारण टॅलीत तो बदलणारी माणसं दोनच आणि त्यांना रात्रीचा ईमेल जातो.

तिसरा मार्ग प्रस्तावाचा. विक्रीच्या मुलाला कारखान्याच्या पाटीवर नवं नाव दिसतं: भागीदारी होती, आता प्रायव्हेट लिमिटेड झाली. ही बातमी सगळ्यात आधी त्यालाच कळते, पण बिलावरचं नाव बदलायचा अधिकार त्याचा नाही. त्याने सीआरएममध्ये लिहिलेलं नाव टॅलीत थेट जात नाही, ताईंसमोर एका यादीत जातं. त्या नोंदणीचा कागद बघतात आणि स्वतः टॅलीत बदलतात. मग ते नाव नेहमीच्या वाटेने सीआरएममध्ये येतं. नाकारलं तर सीआरएममध्ये जुनं नाव परत जातं आणि मुलाला कारण कळतं.

निर्णयाचा गाभा: शेवटचं एकमत

तांत्रिक बाजूला करायचं ते एवढंच: प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक फील्डसाठी, दोन्ही बाजूंचं शेवटचं जमलं तेव्हाची किंमत स्वतःच्या टेबलात जपायची. त्या किमतीला मी 'आधार' म्हणतो. मग 'कोण नंतर बदललं' हा प्रश्नच उरत नाही. 'आधारापासून कोण हललं' एवढंच विचारायचं, आणि त्याला घड्याळ लागत नाही.

```python
def decide(owner, other, base):
    if owner == other:
        return "same"      # आधार = ही किंमत
    if owner != base:
        return "push"      # मालक हलला: दुसरीकडे लिहा
    return "foreign"       # फक्त दुसरी बाजू हलली
```

`foreign` आलं की वरच्या तक्त्यातला तिसरा रकाना बघायचा: परत लिहा किंवा प्रस्ताव टाका.

मंगळवारची केस आता यातून चालवून बघा. मोबाइलसाठी, म्हणजे खरेदी विभागाच्या संपर्कासाठी, मालक सीआरएम, तो आधारापासून हलला, म्हणून `push`: नवा नंबर टॅलीत गेला. मर्यादेसाठी मालक टॅली, तीही हलली, तीही `push`: ३ लाख सीआरएममध्ये गेले. दोन्ही बदल टिकले, कोणी कोणाला हरवलं नाही. बुधवारी रात्री `ALTERID` वाढलेला दिसेल, स्क्रिप्ट ते लेजर वाचेल, पण प्रत्येक फील्डला `same` मिळेल आणि ती काहीही लिहिणार नाही. प्रतिध्वनी तिथेच मरतो. `ALTERID`चा उपयोग आता फक्त कोणती लेजरं वाचायची हे ठरवण्यापुरता.

यात घसरायच्या जागा आहेत. `push` नंतर आधार कधी बदलायचा? दुसऱ्या बाजूने लिखाण स्वीकारल्यावरच. टॅलीला एक्सएमएल पाठवलं, टॅली उघडी होती, पण कंपनी दुसरीच लोड झालेली होती, असं होतं. उत्तरातला बदललेल्या नोंदींचा आकडा आणि त्रुटींचा आकडा वाचल्याशिवाय आधार पुढे सरकवला, तर स्क्रिप्टला वाटतं काम झालं. मग मालकाकडचा नवा नंबर 'न हललेला' आणि टॅलीतला जुना नंबर 'हललेला' दिसतो, म्हणजे सगळं उलटं.

दुसरी जागा: प्रस्ताव प्रलंबित असताना आधार हलवायचा नाही, आणि तोच प्रस्ताव रोज रात्री नव्याने टाकायचाही नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत ही तपासणी नव्हती. ताईंच्या यादीत एकच नाव रोज एक ओळ वाढवत होतं, आणि अशी यादी माणूस वाचायचंच सोडून देतो.

तिसरी: मालक आणि दुसरी बाजू, दोन्ही हलले आणि वेगवेगळ्या दिशेने हलले, तर वरच्या कोडमध्ये मालक जिंकतो. ते बरोबर आहे, पण हरलेली किंमत नोंदून ठेवा आणि ज्याने लिहिली त्याला कळवा. त्याच्याकडे काहीतरी माहिती होती म्हणूनच त्याने लिहिलं.

सारखं असून वेगळं दिसणं

`owner == other` ही तुलना वाटते तितकी साधी नाही. सीआरएम नंबरच्या पुढे +९१ लावून ठेवतं, टॅलीत दहाच आकडे, कधी मध्ये मोकळी जागा. तुलनेआधी दोन्हींना एका रूपात आणलं नाही तर स्क्रिप्टला रोज रात्री फरक दिसतो, ती रोज लिहिते, आणि तुमची उलटापालटीची क्वेरी खोट्या ओळींनी भरते. ज्या फील्डवर रोज रात्री बदल दिसतो आणि माणसाला डोळ्याने फरक दिसत नाही, तिथे हेच कारण असतं.

आपल्याकडे यात एक जास्तीची गंमत आहे. पायथन ३ मध्ये `re.sub(r"\D", "", s)` ने आकड्यांशिवायचं सगळं जातं, पण देवनागरी आकडे जात नाहीत, कारण तेही आकडेच आहेत. कोणी '९८' टाइप केलं असेल तर ते '९८'च राहतं आणि '98' शी जुळत नाही. आकडे वेगळे बदलून घ्यावे लागतात. पत्त्यात तर 'कऱ्हाड' हा एकच शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडू शकतो: 'ऱ' हे एकच अक्षर म्हणून, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र' आणि हलन्तापुढे न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर तिन्ही सारखे. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी रूपात आणले की एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. तुलनेसाठी रूप बदलायचं, साठवताना मात्र माणसाने लिहिलेलंच ठेवायचं.

रिकामा रकाना हा आणखी एक सापळा. 'किंमत पुसली' आणि 'किंमत आलीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपीआयच्या उत्तरात फील्डच नसेल तर त्या फेरीत ते फील्ड तुलनेतून वगळा. त्याला रिकामं समजलात तर मालकाने पुसलं असं धरून `push` होतो, आणि एका रात्रीत शेकडो नंबर कोरे होतात.

काही फील्ड एकट्याने प्रवास करू शकत नाहीत

तक्त्यात जीएसटीआयएन, राज्य आणि बिलाचा पत्ता एका गटात आहेत, कारण जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. एका ग्राहकाने चाकणमधलं युनिट बंद करून बेळगावला नोंदणी घेतली. समजा राज्य 'कर्नाटक' म्हणून पोचलं आणि जीएसटीआयएन जुना, २७ने सुरू होणाराच राहिला. प्रत्येक फील्ड आपापल्या जागी वैध आहे, पण दोन्ही मिळून ग्राहक खोटा आहे, आणि त्यावर निघणारं बिल आयजीएसटीचं की सीजीएसटी-एसजीएसटीचं हा गोंधळ पुढे विवरणपत्रापर्यंत जातो. अशा फील्डची तुलना गट म्हणून करायची. गटातलं एक हललं तर सगळा गट हलला, आणि लिहायचा तर एकत्र, किंवा काहीच नाही. आख्ख्या रेकॉर्डचा नियम जिथे बरोबर ठरतो ती जागा हीच: छोटा, खरोखर एकमेकांत गुंतलेला गट.

लेजरच्या नावाचंही असंच एक दुखणं. आयात करताना टॅली लेजर नावावरून ओळखते. सीआरएममधलं बदललेलं नाव पाठवलं तर जुनं लेजर बदलायच्या ऐवजी नवं तयार होऊ शकतं, आणि मग बाकी एका लेजरवर, नवी बिलं दुसऱ्यावर. म्हणून नावाचा मालक टॅली, आणि सीआरएममध्ये प्रत्येक ग्राहकापाशी टॅलीचा `GUID`, म्हणजे लेजरचा ओळख-क्रमांक, जपून ठेवलेला. जोडी त्यावरून जुळवायची, नावावरून कधीच नाही.

सगळं करूनही उलटापालट चालू राहिली तर

नवी स्क्रिप्ट लागल्यावर सिंकने चुकीने केलेल्या ओळी क्वेरीतून गेल्या. पण काही ग्राहकांचा मोबाइल अजूनही दोन किमतींमध्ये फिरत होता, आणि या वेळी त्यामागे खरी माणसं होती. विक्रीचा मुलगा एक नंबर लिही, ताई दुसरा लिहीत, दर काही दिवसांनी. तेव्हा मोबाइल हे एकच फील्ड होतं, मालक सीआरएम, आणि ताईंनी लिहिलेला नंबर रोज रात्री मागे जात होता.

ताईंना विचारलं तेव्हा उलगडलं. "मला त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाचा नंबर लागतो. पैसे खरेदीवाला देत नाही ना!" मुलाला माल उतरवून घेणारा किंवा खरेदी बघणारा माणूस हवा होता. दोघेही बरोबर होते, दोघांचे नंबरही बरोबर होते. ज्या फील्डच्या मालकीवरून बैठकीत एकमत होत नाही, किंवा झालं तरी टिकत नाही, ती बहुतेक वेळा दोन फील्ड असतात, एकाच रकान्यात कोंबलेली. तक्त्यात खरेदी विभागाचा संपर्क आणि वसुलीचा संपर्क असे वेगळे दिसतात ते या चौकशीनंतरचे. पत्त्याचंही तसंच: जीएसटी नोंदणीचा पत्ता आणि टेम्पो जिथे जातो तो गेट.

फील्ड न फोडता वेळेवरून मालक बदलणं हाही एक प्रकार असतो. नवा ग्राहक पहिलं बिल निघेपर्यंत फक्त सीआरएमचा असतो, नावापासून पत्त्यापर्यंत सगळं विक्रीवाले सुधारतात. टॅलीत लेजर तयार झालं, जीएसटीआयएन तपासला गेला, की त्या क्षणी नाव आणि बिलाच्या गटाची मालकी टॅलीकडे जाते आणि परत येत नाही. हा क्षण एका स्पष्ट खुणेला बांधा. इथे `GUID` भरला जाणं ही खूण ठेवली. 'साधारण ऑर्डर आल्यावर' असं मोघम ठेवलं तर मधल्या दिवसांत दोघेही मालक असतात.

पहिली रात्र

जुन्या सिंकवरून नव्यावर जाताना आधाराचं टेबल रिकामं असतं, म्हणून कोण हललं हे सांगता येत नाही. इथे मोह होतो की सगळीकडे मालकाची किंमत लिहून टाकावी. तसं करू नका. जुन्या सिंकने महिनोन् महिने चांगली माहिती पुसलेली असते, त्यामुळे मालकाकडची किंमत हीच कित्येकदा पुसलेली असते. नव्या नियमाने मोबाइलचा मालक सीआरएम, पण सीआरएममध्ये जुना नंबर आणि टॅलीत नवा, असे ग्राहक इथे बरेच होते. जिथे दोन्ही किमती जुळतात तिथे तीच आधार धरा. जिथे जुळत नाहीत त्यांची फाइल काढा, बदलांच्या नोंदीतून सिंकने नव्हे तर माणसाने लिहिलेली शेवटची किंमत शेजारी लावा, आणि विभागवार वाटून द्या. भोसरीत ही फाइल विक्रीच्या मुलांनी फेरीवर असतानाच तपासली. तोपर्यंत त्या फील्डपुरतं सिंक बंद ठेवलं होतं.

डिलीटबद्दल थोडक्यात: सिंकने दुसरीकडे काहीही डिलीट करायचं नाही, फक्त 'बंद' अशी खूण लावायची. आणि स्टॉकचा आकडा या पद्धतीत बसवू नका. तो दोन्हीकडून कमी-जास्त होतो. भोसरीच्या गोदामात १० बेल्ट असताना एकीकडे ३ विकले, दुसरीकडे २ परत आले, तर ७ आणि १२ यांपैकी कोणताच आकडा खरा नाही, खरे ९ आहेत. तिथे किंमत पाठवायची नसते, व्यवहार पाठवायचे असतात, आणि बेरीज एकाच ठिकाणी होते.

बदल लागू केल्यावर वरची क्वेरी रोज सकाळी चालवत राहा, `changed_by` सिंक असलेल्या ओळी वेगळ्या आणि माणसांच्या वेगळ्या. सिंकच्या ओळी डिलिव्हरीचा पत्ता आणि खरेदीचा संपर्क यांच्या बाबतीत दिसणारच, कारण तिथे मालकाची किंमत परत लिहायचं ठरलेलंच आहे. नाकारलेल्या प्रस्तावांच्या ओळीही त्यातच येतील. याखेरीज दुसऱ्या कुठल्या फील्डवर सिंकची ओळ आली तर आधी आधार कधी हलला ते तपासा, मग तुलनेतलं रूप. माणसांच्या ओळी एकाच फील्डवर साठत असतील तर कोड उघडायच्या आधी त्या दोघांना फोन लावा.